वार्षिक ३ लाखांचे पॅकेज : दरमहा हातात किती पगार येतो?

जबलपूरमधील एका कंपनीच्या नियुक्तिपत्रात वार्षिक पॅकेज ३,००,००० रुपये लिहिले आहे, असे समजा. बाराने भागल्यास महिन्याला २५,००० होतात. पण ही रक्कम म्हणजे कंपनीचा तुमच्यावरील एकूण खर्च आहे, तुमचा पगार नव्हे.

समजा, मूळ वेतन १५,००० आहे. त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, कंपनी आपला हिस्सा म्हणून भविष्य निर्वाह निधीत (पीएफ) भरते. ग्रॅच्युइटीसाठी सुमारे ७२२ रुपये धरले जातात. ती रक्कम नोकरी सोडताना, नियमित कर्मचाऱ्याला साधारणपणे पाच वर्षांच्या सेवेनंतरच मिळते. हे दोन्ही वजा केल्यावर एकूण पगार २२,४७८ उरतो.

आता तुमच्या पगारातून कपात होते. पीएफमधील तुमचा हिस्सा १,८०० आणि मध्य प्रदेशचा व्यवसाय कर १२५ रुपये. खात्यात २०,५५३ रुपये जमा होतात. या हिशेबात राज्य विमा योजनेची (ईएसआय) कपात धरलेली नाही.

पीएफचे पैसे वाया जात नाहीत. मात्र ते खरोखर भरले जातात का, हे तपासा. कंपनीने ते पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. त्यानंतर उमंग ॲपवर यूएएन क्रमांक वापरून पासबुक पाहा. पगारपत्रकात कपात दिसते, पण पासबुकात नोंद नाही, असे आढळल्यास आधी कंपनीकडे लेखी विचारणा करा. उत्तर न मिळाल्यास भविष्य निर्वाह निधी कार्यालयात तक्रार नोंदवा. पगारपत्रके जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा.