इसारातले परत किती?

लग्नाच्या जेवणासाठी केटरर इसार घेतो तो मुख्यतः तारखेचा. त्या मुहूर्ताची दुसरी कामं त्याने नाकारलेली असतात. समजा, ४०० पानं, दर ३५० रुपये, म्हणजे १,४०,०००, इसार ३५,०००. दोन महिने आधी लग्न मोडलं तर ती तारीख दुसऱ्याला देता येते, म्हणून बहुतेक रक्कम परत करणंच रास्त. आठवडाच उरला असेल तर आचारी-वाढप्यांना उचल गेलेली, किराणा भरलेला. तेव्हा इसार ठेवणं मला योग्य वाटतं. पावतीवर नुसतं ‘पैसे परत मिळणार नाहीत’ छापणं पुरत नाही, कारण भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ वाजवी भरपाईच देतं. पानांचा शेवटचा आकडा कधी पक्का करायचा, तेही पावतीवरच लिहून घ्यावं.