विश्लेषण : सेवा विकली गेली, विलीन झाली… तुमच्या प्लॅनचे आणि ‘ऑटोपे’चे काय होते?

एखादे ओटीटी अ‍ॅप रातोरात नवे नाव धारण करते, दुसऱ्या कंपनीत मिसळते किंवा ‘आमच्या अटी बदलत आहेत’ असा ईमेल पाठवते. ग्राहकाने मात्र वर्षभराचे पैसे आधीच भरलेले असतात आणि पुढच्या वर्षीचे पैसे खात्यातून आपोआप वळते करण्याची परवानगीही दिलेली असते. अशा वेळी उरलेल्या मुदतीचे काय, पुढची वजावट जुन्या दराने होणार की नव्या, आणि अडकलेला परतावा मागायचा कोणाकडे, हे प्रश्न उभे राहतात. त्यांची उत्तरे दोन वेगळ्या करारांत दडलेली आहेत.

दोन करार कोणते?

ग्राहक आणि सेवा कंपनी यांच्यातला करार पहिला. त्यात मुदत, दर आणि मिळणाऱ्या सुविधा ठरतात. दुसरा करार ग्राहक आणि त्याची बँक यांच्यातला. ‘या कंपनीने मागितल्यास ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम द्या’ असा तो कायमस्वरूपी आदेश असतो. त्यालाच ई-मॅन्डेट किंवा बोलीभाषेत ऑटोपे म्हणतात. कंपनीची मालकी बदलली की पहिल्या करारातला पक्ष बदलतो. दुसरा करार मात्र ग्राहकाने स्वतः रद्द करेपर्यंत किंवा त्याची मुदत संपेपर्यंत उभा राहतो. फोनमधून अ‍ॅप काढून टाकले तरी मॅन्डेट रद्द होत नाही. बहुतेक तक्रारी हा फरक लक्षात न आल्यामुळे होतात.

विलीनीकरणात उरलेली मुदत कशी टिकते?

अलीकडचे ठळक उदाहरण जिओहॉटस्टारचे. वायकॉम १८ आणि स्टार इंडिया यांच्या विलीनीकरण योजनेला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. व्यवहार नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाला आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओसिनेमा व डिस्ने प्लस हॉटस्टार ही दोन अ‍ॅप एक झाली.

येथे न्यायाधिकरणाचा आदेश महत्त्वाचा आहे. कंपनी कायदा, २०१३च्या कलम २३० ते २३२ नुसार योजना मंजूर झाली की त्या आदेशाच्या बळावरच मालमत्ता आणि देणी नव्या कंपनीकडे जातात. प्रत्येक ग्राहकाची वेगळी संमती घ्यावी लागत नाही. पण याच नियमामुळे ग्राहकाचे संरक्षणही होते. आधी घेतलेल्या पैशांच्या बदल्यात सेवा देणे आणि थकलेला परतावा चुकता करणे या दोन्ही गोष्टी ‘देणी’ असतात. त्यामुळे त्याही नव्या कंपनीच्या माथी येतात. ‘तो व्यवहार जुन्या कंपनीचा होता, आमचा संबंध नाही’ हे उत्तर अशा विलीनीकरणात टिकत नाही.

जिओसिनेमा प्रीमियमच्या वर्गणीदारांना उरलेल्या मुदतीसाठी जिओहॉटस्टारच्या प्रीमियम प्लॅनमध्ये नेण्यात आले. जिओसिनेमाचा तो प्लॅन एप्रिल २०२४ मध्ये महिना २९ रुपयांना सुरू झाला होता, तर जिओहॉटस्टारने सुरुवातीला प्रीमियमसाठी महिना २९९ किंवा वर्षाला १,४९९ रुपये दर ठेवला. म्हणजे आधी भरलेल्या पैशांची मुदत सुरक्षित राहिली, जुना दर मात्र त्या मुदतीबरोबरच संपला. विलीनीकरणाचा सर्वसाधारण नियम हाच आहे. भरलेल्या काळाचे वचन पुढे जाते. नूतनीकरण जुन्याच दराने होईल असे वचन बहुधा मुळात दिलेलेच नसते.

विलीनीकरणाऐवजी केवळ व्यवसाय विकला गेला तर?

तेव्हा स्थिती वेगळी असते. न्यायाधिकरणाचा आदेश नसेल, तर करारातील जबाबदारी एका पक्षाने परस्पर दुसऱ्यावर ढकलता येत नाही. त्याला समोरच्याची संमती लागते. म्हणूनच बहुतेक अटींमध्ये ‘कंपनी हा करार कोणाकडेही हस्तांतरित करू शकेल’ असे वाक्य आधीच घातलेले असते आणि आपण ‘मान्य आहे’ वर बोट ठेवून ती संमती दिलेली असते.

मात्र या वाक्यालाही मर्यादा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २(४६) मध्ये अन्याय्य कराराची व्याख्या आहे. ग्राहकाच्या संमतीविना, त्याचे नुकसान होईल अशा रीतीने करार हस्तांतरित करू देणारी अट या व्याख्येत बसू शकते. वाजवी कारणाविना एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार देणारी अटही तशीच. अशी अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय ग्राहक आयोगांना आहे. मुदत शिल्लक असताना नव्या मालकाने सेवा बंद केली किंवा हलक्या प्लॅनमध्ये ढकलले, तर हे कलम कामी येते.

पुढची वजावट किती रकमेची होऊ शकते?

याचे उत्तर मॅन्डेटमध्ये असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार मॅन्डेट दोन प्रकारचा असतो. एकात रक्कम ठाम असते, दुसऱ्यात रक्कम बदलती असते आणि तिची कमाल मर्यादा नोंदवलेली असते. ही मर्यादा ग्राहकाने ठरवायची असते, पण प्रत्यक्षात अनेकदा पडद्यावर आकडा आधीच भरलेला असतो आणि आपण फक्त पिन टाकतो.

एक उदाहरण पाहू. समजा, वर्षाला १,४९९ रुपयांची वर्गणी आहे आणि सेवा विकली गेल्यावर नव्या मालकाने दर १,९९९ रुपये केला. मॅन्डेट ठाम १,४९९ रुपयांचा असेल, तर वाढीव रक्कम त्यावर घेता येणार नाही. कंपनीला नवा मॅन्डेट मागावा लागेल आणि ग्राहकाला ओटीपी किंवा पिन टाकून तो मंजूर करावा लागेल. तेथे थांबून विचार करण्याची संधी मिळते. पण मॅन्डेट ‘कमाल ५,००० रुपये’ असा असेल, तर १,९९९ रुपये कोणत्याही ओटीपीविना जातील. बँकेच्या दृष्टीने ती वजावट वैधच असते. अशा वर्गण्यांसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढील वजावटींना प्रत्येक वेळी ओटीपी लागत नाही.

अशा वेळी हाती उरते ती आगाऊ सूचना. वजावटीच्या किमान २४ तास आधी एसएमएस किंवा ईमेलने कळवणे बंधनकारक आहे. त्यात कंपनीचे नाव, रक्कम, तारीख, मॅन्डेटचा संदर्भ क्रमांक आणि वजावटीचे कारण असावे लागते. तो संदेश मिळाल्यावर फक्त ती एक वजावट नाकारता येते किंवा संपूर्ण मॅन्डेट रद्द करता येतो. या सुविधेसाठी ग्राहकाकडून शुल्क घेता येत नाही. संदेशातील रक्कम मागच्या वेळेपेक्षा वेगळी आहे का आणि नाव ओळखीचे आहे का, एवढे दोनच मुद्दे तपासले तरी पुरते.

विलीनीकरणानंतर दोनदा पैसे का जातात?

एकाच घरात दोन्ही जुन्या सेवांची वर्गणी असेल, तर बँकेकडे दोन स्वतंत्र मॅन्डेट असतात. अ‍ॅप एक झाले म्हणून ते आपोआप एक होत नाहीत. त्यात एक कार्डावर, दुसरा यूपीआयवर, किंवा एखादा गुगल प्ले वा अ‍ॅपलमार्फत असेल, तर एकाच ठिकाणी दोन्ही दिसतही नाहीत. म्हणून तिन्ही जागा पाहाव्या लागतात. यूपीआय अ‍ॅपमधील ऑटोपे विभाग, कार्ड देणाऱ्या बँकेच्या संकेतस्थळावरील किंवा अ‍ॅपमधील ई-मॅन्डेटची यादी आणि फोनच्या अ‍ॅप स्टोअरमधील सबस्क्रिप्शनची यादी.

मॅन्डेट रद्द करण्याचा अर्थ फक्त ‘यापुढे पैसे देऊ नका’ इतकाच असतो. त्याने भरलेल्या मुदतीवर परिणाम होऊ नये आणि कंपनीकडील मागील थकबाकीही पुसली जात नाही. महिनाअखेर बिल येणारी सेवा असेल, तर विक्रीच्या दिवसापर्यंतचे बिल देणे लागतेच. ते जुन्या नावाने येणार की नव्या, हे लेखी विचारून मगच भरावे. कारण अशाच संक्रमणकाळात बनावट ‘थकबाकी भरा’ लिंकही फिरतात.

दर तोच, पण अटी बदलल्या तर?

हा प्रकार सर्वांत निसटता. ॲमेझॉनने १७ जून २०२५ पासून भारतात प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू केल्या आणि त्या नको असतील तर महिना १२९ किंवा वर्षाला ६९९ रुपये जादा असा पर्याय दिला. ज्यांनी वर्षाचे पैसे आधी भरले होते, त्यांची रक्कम बदलली नाही, पण मिळणारी सेवा बदलली. अशा बदलात बँकेकडून कोणतीही वेगळी सूचना येत नाही, कारण वजावटीची रक्कम तीच असते. माहिती मिळते ती फक्त कंपनीच्या ईमेलमधून आणि तो बहुधा न वाचताच राहतो.

अशा वेळी उरलेल्या दिवसांचा परतावा मागता येतो, पण तो आपोआप मिळत नाही. हिशेब सोपा आहे. १ ऑगस्ट २०२५ रोजी १,४९९ रुपये भरले आणि १ फेब्रुवारी २०२६ पासून अटी बदलल्या असे समजू. १८४ दिवस वापर झाला, १८१ दिवस उरले. १,४९९ ला ३६५ ने भागून १८१ ने गुणले की साधारण ७४३ रुपये येतात. मागणी पत्रात हा आकडा आणि हिशेब दोन्ही लिहावेत. जुन्या अटींची प्रत किंवा स्क्रीनशॉट आणि पावती जोडावी. नुसते ‘पैसे परत द्या’ म्हटल्यास ठरावीक नकार येण्याची शक्यता जास्त.

तक्रार कोठे करायची?

तक्रारीची दिशा पैसे कसे गेले यावर ठरते. २४ तास आधी सूचना आलीच नाही, कमाल मर्यादेपेक्षा जास्त रक्कम गेली किंवा रद्द केलेल्या मॅन्डेटवर वजावट झाली, तर दाद बँकेकडे मागायची. ती लगेच नोंदवणे महत्त्वाचे, कारण अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती हे तो किती दिवसांत कळवतो यावर अवलंबून असते. बँकेने ३० दिवसांत समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

सूचना आली, रक्कम मर्यादेत होती, पण दर किंवा सेवा मान्य नाही, तर तो वाद कंपनीशी आहे. तेथे बँक काही करू शकत नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क नाही. वर्गणी रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड केली असेल, तर तेही तक्रारीत लिहावे. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हा मनाई असलेल्या १३ फसव्या क्लृप्त्यांपैकी एक आहे.