हिरव्या ओळीखालच्या लाल ओळी

२१ फेब्रुवारी २०१४ रोजी ॲपलने आयफोनसाठी आयओएस ७.०.६ हा अपडेट तातडीने काढला. सुरक्षित म्हणून उघडलेल्या वेबसाइटशी चाललेला संवाद त्याच नेटवर्कवरचा तिऱ्हाईत माणूस मधल्यामध्ये वाचू किंवा बदलू शकेल, अशी ती त्रुटी होती. चार दिवसांनी मॅकसाठीही दुरुस्ती आली. तोवर जगभरच्या प्रोग्रामरांनी मूळ कोड उघडून पाहिला होता, कारण ॲपलने तो भाग आधीच सार्वजनिक केलेला होता. चूक एका ओळीची निघाली. तीही नवी नव्हे, वरचीच ओळ दुसऱ्यांदा आलेली:

```c
if ((err = SSLHashSHA1.update(&hashCtx, &signedParams)) != 0)
    goto fail;
    goto fail;
if ((err = SSLHashSHA1.final(&hashCtx, &hashOut)) != 0)
    goto fail;
```

सी भाषेत कंस नसतील तर `if` ची अट फक्त लगेच खालच्या विधानाला लागू होते. त्यामुळे दुसरे `goto fail` अटीबाहेर राहते आणि प्रत्येक वेळी चालते. प्रोग्राम तिथून थेट फंक्शनच्या शेवटी उडी मारतो. सर्व्हरची डिजिटल सही खरी की खोटी हे तपासणारी `sslRawVerify` ची ओळ या तुकड्याच्या खाली होती, तिथवर तो पोहोचतच नाही. उडी मारतेवेळी `err` मध्ये शून्य असते आणि शून्याचा अर्थ ‘सगळे ठीक’. म्हणजे सही न तपासताच फंक्शन ती मान्य करून मोकळे होते.

आता कल्पना करू, की हीच ओळ आज एखाद्या पुल रिक्वेस्टमधून आली. पुल रिक्वेस्ट म्हणजे ‘माझा हा बदल मुख्य कोडमध्ये घ्या’ असा प्रस्ताव. तो आला की सगळ्या टेस्ट आपोआप चालतात आणि थोड्याच वेळात कोडकोव्ह किंवा कव्हरॉल्ससारखी सेवा त्याखाली कव्हरेजचा अहवाल चिकटवते. टेस्ट चालताना कोडच्या किती ओळी प्रत्यक्ष चालल्या, याचा टक्का म्हणजे कव्हरेज. चाललेली ओळ हिरवी दिसते, न चाललेली लाल.

कोडकोव्हच्या अहवालात दोन आकडे ठळक असतात. `patch` हा फक्त या प्रस्तावात बदललेल्या ओळींचा टक्का आणि `project` हा संपूर्ण कोडचा. आपल्या प्रस्तावात एकच नवी ओळ आहे. खऱ्या सहीने जोडणी होते का, हे पाहणारी टेस्ट असेल तर ती या ओळीवरून जातेच. `patch` दाखवणार १०० टक्के.

एकूण टक्क्याचे काय होईल? सोयीसाठी ५०,००० ओळींचा कोड धरू, त्यातल्या ४०,००० टेस्टमध्ये चालतात, म्हणजे कव्हरेज ८० टक्के. नव्या ओळीमुळे तिच्याखालच्या दहा ओळी चालायच्या थांबल्या असे मानले, तर नवा आकडा ७९.९८ येतो. एक टक्क्यापर्यंतची घसरण चालेल अशी मुभा बऱ्याच टीम ठेवतात, कारण एवढे चढउतार रोजचेच असतात. दोन्ही खुणा हिरव्या, टेस्टही सगळ्या पास.

धोक्याची खूण याच अहवालात असते, पण टक्क्यांच्या खाली. ज्या ओळींना प्रस्तावाने हात लावलेला नाही, तरी ज्या हिरव्याच्या लाल झाल्या, त्यांची यादी कोडकोव्ह `Indirect changes` या नावाखाली वेगळी देतो. ती उघडली असती, तर सही तपासणारी ओळ काल चालत होती आणि आज चालत नाही, हे दिसले असते. एवढ्यावरून रिव्ह्यू करणाऱ्याला नेमका प्रश्न विचारता येतो: ही ओळ आता कोणत्या वाटेने चालणार?

अर्थात या यादीत गाळही बराच येतो. अहवाल ही दोन मोजण्यांची तुलना असते, एक मुख्य कोडची आणि एक प्रस्तावाची. टेस्ट लिनक्स आणि विंडोज दोन्हीकडे चालत असतील आणि या खेपेला विंडोजची मोजणी पोहोचलीच नसेल, तर फक्त विंडोजवर चालणारा सगळा कोड एकदम लाल होतो. तुलनेसाठी धरलेली मुख्य कोडची मोजणी जुनी असेल, तर मधल्या काळातले दुसऱ्यांचे बदलही याच प्रस्तावाच्या नावावर जमा होतात. ओळखायचे कसे? प्रस्तावाशी काडीचा संबंध नसलेल्या अनेक फाइली एकदम लाल झाल्या असतील, तर आधी दोन्ही बाजूंना सारख्याच मोजण्या आल्या आहेत का ते पाहावे. लाल ओळी बदललेल्या फंक्शनमध्येच किंवा ते ज्यांना बोलावते तिथे असतील, तर कोड वाचायला बसावे.

टक्का उलट्या दिशेनेही फसवतो. १,००० ओळींपैकी ८०० चालत असताना कुणी १०० जुन्या, नीट टेस्ट केलेल्या पण आता नको असलेल्या ओळी काढून टाकल्या, तर उरतात ९०० पैकी ७००. कव्हरेज ८० वरून ७७.८ वर येते आणि प्रस्तावावर लाल फुली पडू शकते. पण न चाललेल्या ओळी आधी २०० होत्या, आताही त्याच २०० आहेत. उघड्यावर नवे काहीच पडलेले नाही, कोड उलट आटोपशीर झाला आहे. म्हणून घसरण दिसली की टक्क्याशेजारचा न चाललेल्या ओळींचा आकडा वाढला का, हे आधी बघायचे. फुली घालवण्यासाठी कुठल्या तरी सोप्या फंक्शनला बोलावणारी आणि काहीच न पडताळणारी टेस्ट जोडली, तर टक्का वर जाईल आणि ते २०० मधले धोक्याचे कोपरे तसेच राहतील.

पुन्हा सहीच्या फंक्शनकडे वळू. ती चूक ठामपणे पकडणारी टेस्ट कोणती? मुद्दाम खोटी सही द्यायची आणि फंक्शन ती नाकारते का, हे पडताळायचे. चूक शिरताच ही टेस्ट नापास झाली असती आणि अहवालातली यादी कुणी उघडण्याची गरजच उरली नसती. पण निरोगी कोडवर या टेस्टचा हिशेब मांडला तर गंमत दिसते. खऱ्या सहीची टेस्ट ज्या वाटेने जाते, जवळपास त्याच वाटेने हीही जाते. नव्याने हिरव्या होतात त्या फक्त नकार नोंदवून बाहेर पडणाऱ्या दोनेक ओळी. ५०,००० ओळींच्या कोडमध्ये त्याने टक्का हलल्याचे कळतसुद्धा नाही. टक्का वाढवणे हेच काम मानणारा माणूस ही टेस्ट लिहायला घेणार नाही, कारण तेवढ्याच वेळात दुसरीकडे शंभर ओळी हिरव्या करता येतात.

त्यामुळे काही टीम एकूण टक्क्याची खूण अडवणारी न ठेवता फक्त माहितीपुरती ठेवतात. कोडकोव्हच्या `codecov.yml` फाइलमध्ये ते असे लिहितात:

```yaml
coverage:
  status:
    project:
      default:
        informational: true
```

मग आकडा दिसत राहतो, घसरलाही तरी प्रस्ताव अडत नाही. `patch` मात्र बऱ्याचदा अडवणारा ठेवतात, पण तीन ओळींच्या बदलात एक ओळ राहिली तरी तो ६७ टक्क्यांवर येतो, हे ध्यानात घेऊन. ती राहिलेली ओळ लॉगमध्ये मजकूर लिहिणारी असेल तर रिव्ह्यू करणारा तसे नोंदवून प्रस्ताव पुढे जाऊ देतो. पैसे परत करण्याच्या वाटेवरची असेल तर टेस्ट मागतो, आणि त्या टेस्टने काय पडताळायचे तेही तिथेच लिहितो.