दुपारी चढ न चढणारा रोलर

गल्लीतल्या डांबरीकरणाला येणारा तीन टनी छोटा रोलर कधी नीट पाहा. ऑपरेटर गिअर टाकत नाही, क्लच दाबत नाही. एकच दांडा पुढे ढकलला की रोलर पुढे, ओढला की मागे, मधोमध आणला की उभा. इंजिनापासून ड्रमपर्यंत शाफ्ट नसतोच; मधे असतं ते तेल.

इंजिन एक पिस्टन पंप फिरवतं. त्यातल्या तिरप्या तबकडीचा कोन दांड्याने बदलतो. कोन वाढला की तेल वाढतं, तबकडी उलट झुकली की तेलाची दिशा उलटते. हे तेल ड्रमची मोटर फिरवतं आणि टाकीत न जाता थेट पंपाच्या तोंडाशी परततं. म्हणून हा ‘क्लोज्ड लूप’.

पण हा लूप पुरता बंद कधीच नसतो. चढावर त्यात दोनशे-तीनशे बार दाब चढतो, आणि पिस्टनच्या बारीक फटींतून थोडं तेल झिरपतंच. तेच वंगणाचं काम करतं आणि केस ड्रेनच्या नळीने टाकीत जातं. ही तूट भरून काढतो चार्ज पंप. मुख्य पंपाच्या पाठीला बसवलेला हा लहानसा पंप साधारण 20 ते 25 बार दाबाने गाळलेलं, थंड तेल लूपच्या कमी दाबाच्या बाजूला सोडत राहतो. बहुतेक यंत्रांत पार्किंग ब्रेकही याच दाबावर सुटतो. त्यामुळे हा दाब बसला की रोलर जागचा हलत नाही.

आता तक्रार अशी: सकाळी चढ चढणारा रोलर दुपारी रांगतो. चार्ज पंप मिनिटाला 16 लिटर देतो असं धरू. सकाळी गळती 5 लिटर, बाकीचं रिलीफ व्हॉल्व्हवरून परत. दुपारी तेल तापून पातळ होतं, आणि पंप झिजलेला असेल तर चढावर गळती 18 लिटरवर जाते. दोन लिटर कमी पडले की परतीची बाजू रिकामी होते, तेलात बुडबुडे होतात, पंप किंचाळतो. याउलट सकाळी गार तेलावर किंचाळून तापल्यावर गप्प होणारा पंप दिसला, तर आधी सक्शनचा फिल्टर तपासावा. टाकीत फेस असेल तर सक्शनची नळी कुठेतरी हवा ओढते आहे.

निदानाला चार्ज पोर्टवर गेज लावा, तेही तेल तापल्यावर. न्यूट्रलला दाब बरोबर आणि भार येताच पडतो, तर झीज मुख्य पंपात किंवा मोटरमध्ये आहे. कशात, ते दोघांच्या केस ड्रेनचं तेल वेगवेगळं मोजलं की कळतं. न्यूट्रललाच दाब कमी असेल तर आधी फिल्टर, नळी, रिलीफ व्हॉल्व्ह, मग चार्ज पंप. हे न बघता महागडा मुख्य पंप बदलणं ही आपल्याकडची नेहमीची चूक.

पंप खरंच फुटला असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळा. लूपमधलं बहुतेक तेल फिल्टरकडे जातच नाही, त्यामुळे पितळेचा चुरा मोटरमध्ये जाऊन नव्या पंपात परत येतो. होज आणि मोटर साफ करून घ्या, आणि इंजिन चालू करण्याआधी नव्या पंपाची केस तेलाने भरा.