दिवसाचा पल्ला आणि रात्रीची उडी

१३ मार्च २०२०, शुक्रवार. करोनाच्या धास्तीने आदल्या दिवशीच कोसळलेला निफ्टी ९,५९० वर बंद झाला होता. सकाळी तो ९,१०८ च्या आसपास उघडला, काही मिनिटांतच १० टक्क्यांहून खाली गेला आणि लोअर सर्किट लागून व्यवहार ४५ मिनिटं थांबले. ८,५५५ ही त्या दिवसाची नीचांकी पातळी. व्यवहार पुन्हा सुरू झाले तेव्हा बाजार उलटा फिरला, १०,१५९ पर्यंत चढला आणि शेवटी ९,९५५ वर बंद झाला.

आता ज्याच्याकडे फक्त बंद भावांची यादी आहे त्याला या दिवसाबद्दल काय कळेल? निफ्टी ३.८ टक्के वर गेला, एवढंच. सोळाशे अंकांचा तो हेलकावा त्या यादीत कुठेच दिसत नाही.

ऑप्शनच्या बाजारात हा प्रश्न थेट पैशाचा असतो. ऑप्शनच्या प्रीमियममध्ये पुढच्या चढउतारांचा एक अंदाज दडलेला असतो. प्रीमियमवरून उलटा हिशेब करून तो काढला की त्याला इम्प्लाइड व्होलॅटिलिटी म्हणतात. निफ्टीसाठी राष्ट्रीय शेअर बाजार हा आकडा ‘इंडिया व्हिक्स’ या नावाने जाहीर करतो. पुढच्या ३० दिवसांसाठीचा तो अंदाज वार्षिक टक्क्यांत मांडलेला असतो. वर्षात कामकाजाचे सुमारे २५२ दिवस धरतात आणि २५२ चं वर्गमूळ सोळाच्या जवळ येतं. म्हणून व्हिक्स १६ असेल तर बाजार दिवसाला साधारण एका टक्क्याच्या हालचालीची किंमत लावतो आहे, असं समजायचं. प्रत्यक्षात बाजार किती हलला, ते मागाहून भावांवरून मोजलं की ती रिअलाइज्ड व्होलॅटिलिटी. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा सातत्याने मोठा निघत असेल तर ऑप्शन विकणाऱ्याला त्याच्या जोखमीचा मोबदला मिळतो आहे. मात्र हा निष्कर्ष दुसरा आकडा कसा मोजला यावर फार अवलंबून असतो.

सर्वात जुनी रीत म्हणजे बंद भाव ते बंद भाव. रोजचा बंद भाव आदल्या बंद भावाने भागायचा, त्याचा लॉग घ्यायचा, वर्ग करायचा, २१ दिवसांची सरासरी काढायची, २५२ ने गुणायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. पायथॉनमध्ये हे काम दोन ओळींत होतं:

```python
r = np.log(df["Close"]).diff()
rv_cc = 100 * np.sqrt(252 * (r**2).rolling(21).mean())
```

इथे परताव्यातून सरासरी वजा केलेली नाही, आणि ते मुद्दाम आहे. २१ दिवसांची सरासरी इतकी डळमळीत असते की ती वजा करून बहुतेक वेळा आकडा बिघडतोच. शिवाय बाजार रोज एक टक्का सरळ वर चढत गेला, तर सरासरी वजा केल्यावर चढउतार शून्य निघेल. त्या महिन्यात कॉल विकून बसलेल्या माणसाला हे पटणार नाही.

या रीतीचा दोष १३ मार्चने दाखवलाच. ती दिवसातून एकच बिंदू पाहते. दिवसभर उलथापालथ होऊन भाव मूळ जागी परत आला तर तिच्या लेखी काहीच घडलं नाही. एखाद्या दिवशी असं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या उलट, त्यामुळे फार मोठ्या काळात चुका एकमेकींना फेडतात. २१ दिवसांत मात्र त्या फिटत नाहीत आणि आकडा हिंदकळत राहतो.

मायकेल पार्किन्सन यांनी १९८० मध्ये यावर उपाय सुचवला: बंद भाव सोडा, दिवसाचा उच्चांक आणि नीचांक घ्या. भाव कुठे जाऊन आला ते या दोन आकड्यांत उमटतं. भाव पूर्णपणे यादृच्छिक चालीने सरकत असेल, तर दिवसाच्या पल्ल्याच्या वर्गाची सरासरी ही खऱ्या व्हेरियन्सच्या `4 ln 2`, म्हणजे सुमारे २.७७ पट असते, असं गणिताने सिद्ध होतं. तेवढ्याने भागलं की झालं:

```python
h = np.log(df["High"] / df["Low"])
park = h**2 / (4 * np.log(2))
rv_park = 100 * np.sqrt(252 * park.rolling(21).mean())
```

१३ मार्च २०२० ला ही मोजणी लावून पाहू. बंद भावांच्या हिशेबाने त्या दिवसाची हालचाल लॉगमध्ये ३.७ टक्के. उच्चांक-नीचांकातलं अंतर १७.२ टक्के, आणि पार्किन्सनच्या सूत्राने त्या एका दिवसाची व्होलॅटिलिटी १०.३ टक्के. दोन्ही आकडे एकाच दिवसाचे आहेत, आणि त्या दिवशी बाजारासमोर बसलेल्या कुणालाही दुसराच खरा वाटेल. आदर्श परिस्थितीत या सूत्राची कार्यक्षमता बंद भावांच्या सुमारे पाचपट असते. बंद भावांचे पाच महिने घेऊन जेवढी अचूकता येते, तेवढी इथे एका महिन्यात. त्याच वर्षी गार्मन आणि क्लास यांनी उघडता व बंद भावही सूत्रात आणून ती आणखी वाढवली.

इथपर्यंत वाचून अनेक जण बंद भावांचा कोड पुसून टाकतात आणि सगळीकडे पार्किन्सन लावतात. माझ्या मते या विषयातली सर्वात महाग चूक हीच आहे, कारण ती कोडमध्ये दिसत नाही. कोड बिनचूक चालतो आणि आलेखही गुळगुळीत येतो.

ती दाखवायला दुसरा दिवस घेऊ: ३ जून २०२४. लोकसभा निवडणुकीचे एक्झिट पोल शनिवारी संध्याकाळी आले, तेव्हा बाजार बंद होता. शुक्रवारी निफ्टी २२,५३१ वर बंद झाला होता. सोमवारी तो उघडलाच २३,३३८ च्या आसपास. सगळी तेजी पहिल्या व्यवहाराआधीच भावात आली होती. त्यानंतर दिवसभर २३,३३९ आणि २३,०६२ यांच्या दरम्यान रेंगाळून तो २३,२६४ वर बंद झाला.

बंद भावांना इथे ३.२ टक्क्यांची हालचाल दिसते. पार्किन्सनला मात्र पल्ला मिळतो जेमतेम १.२ टक्क्यांचा, आणि दिवसाची व्होलॅटिलिटी निघते ०.७ टक्के. पार्किन्सनच्या लेखी तो एक शांत सोमवार. ज्याने शुक्रवारी कॉल विकून ठेवले होते त्याचा सोमवार तसा गेला नसणार.

कारण उघड आहे. उच्चांक आणि नीचांक सव्वानऊ ते साडेतीन या वेळेत नोंदले जातात. बंद आणि उघडणे यांच्यामधल्या गॅपबद्दल ते काहीच सांगत नाहीत. ऑप्शनचं आयुष्य मात्र साडेतीनला थांबत नाही. अमेरिकेतली रात्र, शनिवार-रविवार, सुट्ट्या, सगळ्याची जोखीम प्रीमियममध्ये धरलेली असते आणि म्हणून व्हिक्समध्येही. चोवीस तासांच्या अंदाजातून सव्वासहा तासांची मोजणी वजा केली तर बाकी मोठी दिसणारच. ऑप्शन विकण्यात भरघोस फायदा आहे असं त्या वजाबाकीवरून वाटतं. त्यातला किती खरा आणि किती मोजणीच्या भोकातून आलेला, ते कळत नाही.

हे भोक केवढं असू शकतं? समजा एखाद्या महिन्यातले २० दिवस वार्षिक १२ टक्के व्होलॅटिलिटीचे शांत दिवस आहेत आणि एकविसावा ३ जूनसारखा. निव्वळ पार्किन्सनने महिन्याचा आकडा १२ टक्केच राहतो. गॅपचा वर्ग मिळवला की तो १७ टक्के होतो. एका सकाळीने पाच टक्क्यांचा फरक पडला. व्हिक्स समजा १५ असता, तर एका मोजणीने विकणारा जिंकला आणि दुसरीने हरला.

दुरुस्ती साधी आहे. रात्रीची उडी वेगळी मोजायची आणि दिवसाच्या पल्ल्यात मिळवायची:

```python
gap = np.log(df["Open"] / df["Close"].shift(1))
var = gap**2 + park
rv = 100 * np.sqrt(252 * var.rolling(21).mean())
diff = df["VIX"] - rv.shift(-21)
```

१३ मार्च २०२० ला उघडतानाची घसरण धरली की १०.३ चे ११.५ टक्के होतात, आणि ३ जून २०२४ चे ०.७ वरून ३.६. यांग आणि झांग यांचं २००० सालचं सूत्र याच वाटेने जातं. उडी, उघड-ते-बंद हालचाल आणि पल्ला या तिन्हींना ते विचारपूर्वक वजनं देतं, आणि बाजार एकाच दिशेने सरकत असतानाही बिघडत नाही. गंभीर कामाला मी तेच घेईन. पण गॅप का हवा हे समजायला वरच्या चार ओळी पुरतात.

शेवटच्या ओळीतलं `shift(-21)` नीट पाहावं. आजचा व्हिक्स पुढच्या ३० दिवसांबद्दल बोलतो आणि त्यांत कामकाजाचे २०-२१ दिवस येतात. म्हणून त्याची गाठ पुढच्या २१ दिवसांच्या मोजणीशी घालायची. उणे चिन्ह राहिलं किंवा `shift` च विसरला, तर व्हिक्सची तुलना होऊन गेलेल्या महिन्याशी होते. पडझडीनंतर व्हिक्स आणि मागची मोजणी दोन्ही चढलेले असतात, त्यामुळे दोन्ही रेषा सुंदर जुळलेल्या दिसतात आणि चूक आणखी लपते.

पल्ल्याच्या सूत्रांची आणखी एक अडचण कमी उलाढालीच्या शेअरमध्ये येते. दिवसात वीसच सौदे झाले तर नोंदलेला उच्चांक हा खऱ्या उच्चांकाच्या खालीच राहतो आणि नीचांक वर. हे पडताळायला २० टक्के व्होलॅटिलिटीची कृत्रिम चाल कोडमध्ये तयार करावी. दिवसाला ३७५ पावलं, म्हणजे मिनिटाला एक, टाकली तर पार्किन्सन १९ च्या थोडं वर आकडा देतो. वीसच पावलं टाकली तर १७ च्या आसपास. निफ्टीला याचा फारसा त्रास होत नाही. छोट्या शेअरमध्ये मात्र बंद भावांची जुनी रीतच बरी.

खऱ्या डेटावर दुसरी एक तपासणी आहे. पार्किन्सनचा व्हेरियन्स आणि उघड-ते-बंद परताव्याच्या वर्गाची सरासरी, दोन्ही एकाच सव्वासहा तासांचं मोजमाप. काही वर्षांच्या डेटावर त्यांचं गुणोत्तर एकाच्या जवळ यायला हवं. फारच खाली आलं तर सौदे विरळ आहेत किंवा उच्चांक-नीचांक नीट नोंदलेले नाहीत. फार वर गेलं तर एखादा चुकीचा भाव उच्चांक म्हणून घुसला असण्याची शक्यता, कारण एकच वेडावाकडा टिक वर्गात जाऊन महिनाभर ठाण मांडतो. बंद भावांच्या मोजणीला वेगळी भीती असते. बोनस किंवा स्प्लिटनंतर जुने भाव सुधारून घेतले नसतील तर एका रात्रीत शेअर निम्मा झालेला दिसतो. पल्ल्याला ते कळतही नाही, पण गॅप मिळवलेल्या सूत्रात ही चूक परत येते.

आणि आपल्या डेटात दरवर्षी येणारी एक ओळ: लक्ष्मीपूजनाचं मुहूर्ताचं सत्र. जेमतेम तासाभराचं ते सत्र फाइलमध्ये पूर्ण दिवस म्हणून बसतं, त्याचा पल्ला चिमुकला असतो आणि २१ दिवसांची मोजणी तेवढी खाली ओढली जाते. ती ओळ गाळायची असेल तर पुढच्या दिवसाचा गॅप मुहूर्ताच्या आधीच्या बंद भावापासून मोजला जाईल, म्हणजे त्या तासातली हालचाल हरवणार नाही. त्यासाठी आधी ओळ काढावी आणि मगच `shift(1)` चालवावं.