वाक्य फसवतं तेव्हा डोळे काय करतात?

‘सिन्स जे ऑल्वेज जॉग्ज अ माइल सीम्स लाइक अ व्हेरी शॉर्ट डिस्टन्स टू हिम.’ जे रोज पळतो, म्हणून एक मैल म्हणजे त्याला काहीच वाटत नाही, एवढाच या इंग्रजी वाक्याचा अर्थ. पण पहिल्या वाचनात बहुतेक जण ‘जे एक मैल पळतो’ असं जुळवून मोकळे होतात. पुढे ‘सीम्स’ येतं आणि त्याला कर्ताच उरत नाही. ‘माइल’ आपण आधीच ‘जॉग्ज’ला कर्म म्हणून देऊन टाकलेला असतो. ‘जॉग्ज’नंतर स्वल्पविराम असता, तर हा घोटाळा झालाच नसता. अशा चकवणाऱ्या वाक्यांना इंग्रजीत ‘गार्डन पाथ’ वाक्यं म्हणतात.

लिन फ्रेझिअर आणि कीथ रेनर यांनी १९८२ साली अशीच वाक्यं लोकांना वाचायला दिली आणि वाचताना त्यांचे डोळे कुठे थांबतात, किती वेळ थांबतात, हे यंत्राने टिपलं. वाचताना नजर ओळीवरून सरकत जात नाही, ती उड्या मारते. इंग्रजीत एक उडी साधारण सात ते नऊ अक्षरांची, आणि दोन उड्यांमधला मुक्काम सेकंदाचा पाव भाग किंवा त्याहूनही थोडा कमी. दहापैकी एखादी उडी मागे जाते, एरवीच्या सोप्या मजकुरातसुद्धा. म्हणून नुसता डोळा मागे गेला, एवढ्यावरून वाचक गोंधळला असं म्हणता येत नाही. तुलना लागते.

ती तुलना त्यांनी फार नेटकी केली. दुसऱ्या वाक्यात ‘अ माइल’नंतर ‘धिस’ हा एकच शब्द जास्त: ‘सिन्स जे ऑल्वेज जॉग्ज अ माइल धिस सीम्स लाइक...’ इथे ‘एक मैल पळतो’ हे पहिलं वाचनच बरोबर ठरतं, कारण ‘सीम्स’ला ‘धिस’ हा कर्ता मिळाला. बाकीचे शब्द जवळपास तेच. तरीही पहिल्या वाक्यात, घोटाळा उघड होतो त्या जागी, डोळे जास्त वेळ थांबले आणि मागेही जास्त वळले. यातून एक गोष्ट पक्की होते. वाक्य संपेपर्यंत वाचक निर्णय राखून ठेवत नाही. शब्द हाती पडला की तो चालू रचनेत बसवतो, आणि चूक झाली तर तिचा पत्ता त्याला जवळपास त्याच शब्दावर लागतो.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण यातून सुटलो असं नाही. ‘मीनाने आंबा चोरलेल्या मुलाला पकडलं’ हे वाक्य एकेक शब्द झाकून वाचून पाहा. ‘मीनाने आंबा’ एवढ्यावर आंब्याचं जे काही केलं ते मीनानेच, असं आपण धरून चालतो. ‘चोरलेल्या’ला शंका येते, ‘मुलाला’वर चोरी मीनाकडून काढून मुलाच्या नावावर करावी लागते, आणि मीनाला तिचं क्रियापद मिळतं ते अगदी शेवटी.

मागे वळलेली नजर नेमकी कुठे जाते, यावर मात्र वाद आहे. फ्रेझिअर आणि रेनर यांचं म्हणणं होतं की वाचक सरसकट पहिल्यापासून वाचत नाही. चूक जिथे झाली असावी, तिथेच तो थेट जातो. २००८ साली डॉन मिचेल आणि सहकाऱ्यांनी ओळ कुठे तोडायची ते बदलून पाहिलं, तेव्हा नजरेच्या मुक्कामावर मजकुराच्या मांडणीचाही परिणाम दिसला. म्हणजे काही वेळा डोळा मागे जातो तो दुरुस्तीची जागा शोधायला नव्हे. पुढचे शब्द थोपवून मनाला जरा उसंत मिळावी म्हणून. मला दोन्हींत तथ्य वाटतं. डोळा कधी अडला हे यंत्र चोख सांगतं. का अडला, हे प्रयोगाच्या रचनेतूनच काढावं लागतं.

आणि दुरुस्ती झाली तरी ती पुरी होते का? कील क्रिस्टियानसन, फर्नांडा फरेरा आणि सहकाऱ्यांनी २००१ साली विचारलेला हा प्रश्न मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. ‘व्हाइल ॲना ड्रेस्ड द बेबी प्लेड इन द क्रिब.’ इंग्रजीत ‘ड्रेस्ड’ला कर्म नसेल, तर ॲना स्वतःच कपडे घालत होती असाच अर्थ होतो. बाळ पाळण्यात खेळत होतं का? वाचक म्हणाले, हो. बरोबर. ॲनाने बाळाला कपडे घातले का? यालाही कितीतरी जण हो म्हणाले.

मग नवी रचना त्यांनी उभारलीच नव्हती का? टिमोथी स्लॅटरी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली हे डोळ्यांकडूनच काढून घेतलं. बँकेच्या मॅनेजरने फोन केल्यावर डेव्हिडचे वडील काळजीत पडले आणि त्यांनी ‘हिमसेल्फ’ला, म्हणजे स्वतःला, पाच दिवसांची मुदत दिली, असं एक वाक्य, दुसऱ्यात वडिलांच्या जागी आई, पण ‘हिमसेल्फ’ तसंच. सुरुवात पुन्हा चकवणारीच: मॅनेजरने डेव्हिडच्या वडिलांना फोन केला, असं आधी वाटतं. आईच्या वाक्यात ‘हिमसेल्फ’वर डोळे अडखळले. आई हा कर्ता आहे हे कळल्याशिवाय ते तिथे अडणारच नाहीत. म्हणजे योग्य रचना झाली होती. पण त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात, चकवणाऱ्या वाक्यानंतरचं पुढचं वाक्य पहिल्या, चुकीच्या अर्थाला छेद देत होतं, आणि तिथेही वाचकांचा वेग मंदावला. नवी रचना तयार असूनही जुनी पुसली गेली नव्हती.