खाज राहिली, म्हणजे खरूज राहिली का?

‘क्रीम लावून आठवडा झाला, तरी खाजतंच आहे. म्हणजे औषध लागू पडलं नाही.’ खरजेबद्दलचा हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. मग तीच क्रीम रोज चोळली जाते, कातडी कोरडी पडून चुणचुणते आणि त्यालाही खरूजच म्हटलं जातं.

मुळात खाज किडा चावल्याने सुटत नाही. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असलेली मादी कातडीच्या सर्वांत वरच्या थरात बीळ कोरत जाते आणि मागे रोज दोन-तीन अंडी व विष्ठा टाकते. त्यांची शरीराला ॲलर्जी येते, तीच ही खाज. रात्री अंथरुणाच्या उबेत ती जास्त जाणवते. पुरळ अंगभर असलं, तरी साध्या खरजेत मोठे किडे दहा-पंधराच्या आसपासच असतात.

समजा, वसतिगृहातला मुलगा दिवाळीला घरी आला. रात्रभर बोटांची बेचकी, मनगट, कंबर खाजवतो. आई त्यालाच क्रीम लावते. धाकट्या बहिणीला काही होत नाही, मग तिला कशाला? पण पहिल्याच लागणीत ॲलर्जी यायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोवर बहिणीच्या अंगावर किडे असू शकतात आणि ते इतरांना लागतातही, फक्त तिला खाजत नाही. दादा बरा होतो, तिच्याशेजारी झोपतो आणि खरूज परत घेतो. या वेळी शरीर किड्याला ओळखतं, म्हणून चार दिवसांच्या आतच खाज सुटते. आई म्हणते, औषधच बोगस!

म्हणून खाज असो-नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री उपचार घ्यायचे. पाच टक्के परमेथ्रिन क्रीम मानेपासून तळपायापर्यंत, बेंबी, जांघा आणि नखांच्या कडाही न सोडता लावायची; आठ ते चौदा तासांनी अंघोळ. मध्ये हात धुतले, तर हातांना पुन्हा लावायची. आठवड्याने दुसरी खेप. तान्ही बाळं, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारावं. गाद्या जाळायची किंवा घर फवारायची गरज नाही. माणसापासून दूर किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. अलीकडे वापरलेले कपडे-चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. जे धुता येत नाही, ते पिशवीत आठवडाभर बांधून ठेवावं.

आता उरलेली खाज. औषधाने किडे मेले, तरी त्यांची कलेवरं, अंडी आणि विष्ठा कातडीतच असतात. वरचा थर झडून जाईपर्यंत ॲलर्जी चालू राहते, दोन ते चार आठवडे. खाज हळूहळू उतरत असेल आणि नवे फोड उठत नसतील, तर क्रीम परत लावू नये. खाजेची गोळी आणि मॉइश्चरायझर पुरतात. चार आठवड्यांनंतरही नवे फोड किंवा बिळांच्या बारीक रेषा दिसल्या, तर मात्र दाखवायला हवं. जांघेतल्या काही गाठी किडे मेल्यावरही महिनोन्‌महिने खाजतात. त्यांवर दुकानातून स्वतःहून स्टेरॉइड मलम आणून लावू नये. निदान झालं नसेल, तर ते खरूजच झाकून टाकतं.